साठ मैलांसाठी

शोधकेंद्रात तिला सगळे रेघवाल्या बाई म्हणत. समुद्रात कुणी हरवलं की त्याला कुठे शोधायचं, हे नकाशावर आखून देणं हे तिचं काम. विमान एक, समुद्र अख्खा. तेव्हा उपग्रहावरून बोटीचा ठावठिकाणा कळायचे दिवस अजून यायचे होते. बोट कुठून निघाली, किती वेगाने चालली होती, वारा कुठला होता, यावरून अंदाज बांधायचा, पेन्सिलीने एक लांबट चौकोन आखायचा आणि वैमानिकाला सांगायचं, जा बाबा, एवढा धुंडाळून ये. या चौकोनाला केंद्रात पेटी म्हणत. पेटी चुकली तर विमान रिकाम्या पाण्यावर घिरट्या घालून परत येई, आणि ज्याला शोधायचं तो दुसरीकडेच कुठेतरी आकाशाकडे डोळे लावून बसलेला असे.

बाईंच्या पेट्या सहसा चुकत नसत, आणि हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. कुणी शंका काढली की त्या चष्मा कपाळावर सरकवत आणि अशा नजरेने बघत की विचारणारा आपण होऊन पाणी प्यायला निघून जाई. घरीही तसंच. आई म्हणायची, "हिच्याशी बोलायचं म्हणजे तोंडी परीक्षा."

त्या परीक्षेला एकच जण कधी बसला नाही. तिचा धाकटा भाऊ. घरात त्याला सरळ्या म्हणत, कारण लहानपणी वाटेत डबकं आलं तर तो वळसा घालत नसे, सरळ डबक्यातून जाई आणि घरी येऊन मार खाई. मार खाऊनही दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच डबक्यातून. मोठा झाला, जहाजांवर गेला, हळूहळू टगचा कप्तान झाला, पण खोड गेली नाही. एकदा मनात आलं की आलं. बायकोने समजावलं, वरिष्ठांनी समजावलं, ताईने तर उभा जन्म समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच्या बढतीच्या परीक्षेच्या वेळी तिने त्याला स्वयंपाकघरात बसवून कलिंगडावर दोरा ताणून दाखवला होता. "हे बघ, ही पृथ्वी. इथून तिथे जायचंय. दोरा ताण. ताणलेला दोरा तो सगळ्यात जवळचा रस्ता. आता बघ, दोरा कसा वर देठाकडे चढतो आणि मग खाली उतरतो. याला ग्रेट सर्कल म्हणतात. आणि तू होकायंत्रावर एकच आकडा धरून गेलास तर ती रंब लाइन. ती लांब पडते."

"नकाशावर तर तीच सरळ दिसते."

"नकाशा चपटा आहे. ध्रुवाकडचा भाग त्यात ओढून-ताणून रुंद केलेला असतो, म्हणजे तुझा एकच आकड्याचा रस्ता सरळ रेघेत बसावा. सोय आहे ती, खरं नाही. समज, तू उत्तर ध्रुवापासून दहा पावलांवर उभा आहेस. तोंड पूर्वेकडे धर आणि चाल. काय होईल?"

"पूर्वेला पोचेन."

"ध्रुवाभोवती गोल फिरत राहशील! आकडा तोच, पण प्रत्येक पावलाला तू वळतोयस. पलीकडे उभ्या माणसाला गाठायचं तर सरळ ध्रुवावरून जायला हवं. आधी उत्तर, मग दक्षिण. आकडा बदलला, रस्ता मात्र सरळ. जे ध्रुवाजवळ खरं, तेच थोड्या कमी प्रमाणात सगळीकडे खरं. विषुववृत्तावर नाही, आणि नाकासमोर उत्तर-दक्षिण जाताना नाही. बाकी सगळीकडे."

सरळ्याने मान डोलवली, सुरी घेतली आणि पृथ्वीच्या फोडी केल्या. परीक्षा पास झाला. पण जहाजावर चढला की पुन्हा आपला एकच आकडा. म्हणायचा, "ताई, तुझं ते कलिंगड खाऊन टाकलंय मी. पचलं पण."

आता हे सगळं सांगायचं कारण असं, की त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत सरळ्याला एक जुनी टग समुद्रापार पोचवायचं काम मिळालं. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी ठेंगणी बोट, बंदरात रुबाबदार आणि भर समुद्रात केविलवाणी. पलीकडच्या कंपनीने ती विकत घेतली होती. सरळ्या, चार खलाशी, त्यांतला एक म्हातारा इंजिनवाला. निघायच्या आदल्या आठवड्यात तो ताईकडे चहाला आला तेव्हा तिने न विचारताच कागद पुढे ओढला.

"दोन्ही बंदरं पंचेचाळीस उत्तर अक्षांशावर. मधे साठ रेखांश. म्हणजे तू काय करणार ते मला माहितीये."

"पूर्व. नव्वद अंश. धरायचं आणि झोपायचं."

"अडुसष्ट धर. मग रोज चार-चार अंश उजवीकडे फिरवत जा. मध्यावर नव्वद होईल, तिथून पुढे उतरत जाशील. साठ मैल वाचतात."

"म्हणजे निघतानाच बावीस अंश वाकडा जाऊ? उत्तरेला? थंडीत?"

"वाकडं नाही ते! तेच सरळ आहे!"

"साठ मैलांसाठी रोज सुकाणू फिरवत बसू, ताई? सात तास वाचतील. एवढ्या वेळात तर मी दाढी करतो."

इथे तिचा पारा चढला. जुन्या टगला सात तासांचं डिझेल म्हणजे काय, हे ती सांगायला गेली आणि भलतंच बोलून बसली. "तुला जन्मात एकदा तरी कुणाचं ऐकता येईल का रे? एकदा! वडलांचं ऐकलं नाहीस, माझं ऐकत नाहीस. एखाद दिवशी तुझं हे नव्वद घेऊन बुडशील." सरळ्याने कप तसाच अर्धा ठेवला, जोडे घातले आणि गेला. निघायच्या दिवशी फोन आला नाही. तिनेही केला नाही. दोघंही एकाच आईची लेकरं.

टग पहाटे निघाली. तिचा रेडिओ पहिल्यापासूनच कुरकुरत होता. केंद्रातल्या रेडिओवाल्याला सगळे कानवाला म्हणत, कारण इतरांना नुसती खरखर ऐकू यायची त्यातून तो शब्द वेचून काढायचा. दुसऱ्या संध्याकाळी त्याच्या हाती एवढंच लागलं: सगळं ठीक, कोर्स शून्य सात तीन, म्हणजे त्र्याहत्तर अंशांची दिशा, वेग नऊ. टग कुठे आहे ते अक्षांश-रेखांश खरखरीत गेले. चौथ्या संध्याकाळी पुन्हा तसंच: कोर्स शून्य आठ एक, वेग नऊ. आणि पाचव्या संध्याकाळी एका लांबच्या मालवाहू जहाजाने संकटाची हाक पकडली. टगचं नाव, मग "पाणी", मग "राफ्ट", आणि मग काहीच नाही.

सहाव्या दिवशी सकाळी साहेबांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. केंद्राचे प्रमुख, सावकाश बोलणारा, सावकाश रागावणारा माणूस. "बाई, तुम्ही घरी गेलात तरी चालेल. दुसरं कुणी आखेल."

"दुसरं कुणी आहे का?"

दुसरं कुणी नव्हतंच. जो एक होता तो रजेवर होता.

"मग मला एक सांगा," ते म्हणाले. "कंपनीकडे फक्त दोन टोकं नोंदवली आहेत. मधला रस्ता कुणी विचारलाच नाही. कप्तान कसा गेला असेल?"

तिने क्षणाचाही विचार केला नाही. "सरळ. नव्वद अंश. मी ओळखते त्याला."

"मग हे त्र्याहत्तर आणि एक्याऐंशी?"

"त्र्याहत्तर म्हणजे मच्छीमारांच्या बोटींना वळसा घातला असेल. एक्याऐंशी म्हणजे वारा उत्तरेचा असणार, ढकलला जाऊ नये म्हणून नाक थोडं वर धरलं असेल. पण मधली रेघ नव्वदचीच. साहेब, त्याला मी शेंबडा असल्यापासून ओळखते."

पेटी आखली गेली. पंचेचाळीस अक्षांशावर, निघाल्या बंदरापासून साडेनऊशे-पावणेदहाशे मैलांवर, मागेपुढे आणि दोन्ही बाजूंना साठ-साठ मैल. विमान निघालं. संकटाची हाक ऐकणारं मालवाहू जहाजही तिकडेच वळवलं.

तो दिवस कसा गेला ते तिला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. भिंतीवरच्या लाऊडस्पीकरमधून वैमानिकाचा आवाज यायचा, "पहिली फेरी संपली, काही नाही." मग "दुसरी फेरी, काही नाही." ती प्रत्येक फेरीवर नकाशात बारीक रेघ मारून टाकी. पेन्सिलीचं टोक मोडलं की तासायची, मोडलं की तासायची. दुपारनंतर पेटी रेघांनी भरून गेली आणि वैमानिक इंधन संपत आल्याचं सांगून परत फिरला. एक पिंप दिसलं होतं, तेही गंजलेलं, कुणाच्या तरी जुन्या प्रवासाचं.

सातव्या दिवशी उजाडताना हवामान खात्याचा निरोप आला. दुपारनंतर वादळ. त्यानंतर निदान दोन दिवस विमान उडणार नाही. म्हणजे एकच फेरी उरली होती, आणि ती कुठे करायची हे ठरवायला फार तर तासभर. राफ्टच्या रबरी तराफ्यात ती माणसं दोन रात्री काढून बसली होती. आणखी दोन काढतील असं केंद्रात कुणीही म्हणालं नसतं, आणि कुणी म्हणालंही नाही.

साहेबांचं ठरलं होतं. "पेटी मोठी करायची. राफ्ट वाऱ्याने पूर्वेला सरकला असेल. कालच्याच जागेच्या पूर्वेला." नियमाला धरूनच होतं ते. ती पट्टी घेऊन वाकली तेवढ्यात फोन वाजला. आई.

"मिळाला का गं?"

"नाही अजून. आई, मी नंतर करते फोन, आत्ता—"

"नाही, एवढंच विचारायचं होतं. गरम कपडे आहेत ना त्याच्या अंगावर? म्हणजे, नेलेत त्याने. तुझ्या बाबांचा जाड स्वेटर नेला. एवढी वर्षं मी मागे लागायचे, घेऊन जा, घेऊन जा, तर हात लावायचा नाही. या खेपेला आपण होऊन मागितला."

"आपण होऊन?"

"हो. म्हणाला, वर थंडी असते. आदल्या दिवशी आला होता. माझा लोकरीचा गुंडा घेऊन बसला टेबलाशी, आणि त्यावर दोरा काय ताणतोय, टाचण्या काय खुपसतोय. सगळी लोकर गुंतवून ठेवली मेल्याने. म्हटलं हे काय, तर म्हणतो ताईचं कलिंगड. आणि म्हणतो, ताईला सांगू नकोस, शेफारून जाईल."

तिच्या हातातली पट्टी टेबलावर पडली. आई पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिली. फोन कधी ठेवला तेही तिला कळलं नाही.

वर थंडी असते. पंचेचाळीस अक्षांशावर नाकासमोर पूर्वेला जाणाऱ्या माणसाला 'वर' नसतंच.

तिने भिंतीजवळच्या कपाटातून दुसरा नकाशा ओढून काढला. केंद्रात तो फारसा कुणी वापरत नसे. दिसायला विचित्र, ध्रुवापासून रेखांश पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले, अक्षांश वाकलेले. पण त्याची एक गंमत असते: त्यावर मारलेली सरळ रेघ म्हणजेच ग्रेट सर्कल. तिने दोन बंदरांवर दोन टाचण्या खुपसल्या आणि मधे दोरा ताणला. एकदा टाचणी निसटली, पुन्हा खुपसली. मग ताशी नऊ मैलांच्या वेगाने दीड दिवस मोजला. सव्वातीनशे मैल. तिथे दोरा रेखांशाला कुठल्या कोनात छेदतो ते या नकाशावर मोजता येत नाही, तो कोन गणिताने काढावा लागतो. तिने काढला.

त्र्याहत्तर.

पुढे दोन दिवस. पुन्हा गणित.

एक्याऐंशी.

दोन आकड्यांना तिने काल दोन सबबी लावल्या होत्या, एक मच्छीमारांची, एक वाऱ्याची. एकाच रस्त्याने दोन्ही आकडे आपोआप येत होते. आणि तो रस्ता तिचा होता. त्या गाढवाने, जन्मात पहिल्यांदा, तिचं ऐकलं होतं. आणि जन्मात पहिल्यांदा ऐकलं म्हणूनच ती त्याला चुकीच्या जागी शोधत बसली होती.

"साहेब!" ती ओरडली तेव्हा बाहेरच्या खोलीतले लोकही उठून उभे राहिले.

साहेब आले. तिने दोरा दाखवला, आकडे दाखवले, आईचा फोन सांगितला. बोलताना वाक्यं एकमेकांत अडकत होती. "पाचव्या संध्याकाळी तो इथे असणार. जवळजवळ एकोणपन्नास अक्षांश. रेखांश कालचाच, पण पेटी दोनशे तीस मैल उत्तरेला. काल आपण बरोबर त्याच्या खाली शोधत होतो."

साहेबांनी टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकले. "बाई, काल तुम्ही इथेच उभ्या होतात आणि इतक्याच खात्रीने उलटं सांगत होतात."

"हो."

"आणि आता स्वेटरवरून विमान पाठवू?"

"स्वेटरवरून नको. आकड्यांवरून पाठवा."

"वाऱ्याचं काय? उत्तरेचा वारा होता, कोर्स वर धरला, हे तुमचंच म्हणणं. तेही पटण्यासारखं आहे."

तिने दाराकडे वळून कानवाल्याला हाक मारली. "दुसऱ्या संध्याकाळी त्या भागातल्या जहाजांनी वारा काय कळवला होता?"

कानवाला कानांवरचं यंत्र गळ्यात लटकवूनच आला. "दुसऱ्या दिवशी? वारा कुठला बाई, पाणी ताटात ओतल्यासारखं होतं. चौथ्या दिवशी होता थोडा, पण तो मागून, पश्चिमेचा."

"आणि मच्छीमार?"

"किनाऱ्यापासून तीनशे मैलांवर? तिथे कोण मरायला जातंय मासे धरायला?"

तिचे कान तापले होते. काल हे दोन प्रश्न तिने विचारले असते तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर तिने ते विचारलेच असते, चष्मा कपाळावर सरकवून, समोरच्याला घाम फोडून.

"मी काल खोटी कारणं दिली, साहेब," ती म्हणाली. "मुद्दाम नाही. मला वाटलं, मी त्याला ओळखते. त्यामुळे आकड्यांकडे बघितलंच नाही, त्यांना नुसतं गप्प बसवलं. आज मी त्याला ओळखत नाही असं धरून चाला. फक्त त्र्याहत्तर आणि एक्याऐंशी बघा. नव्वदच्या रेघेवरचा माणूस शांत पाण्यात त्र्याहत्तर कशाला धरेल?"

साहेबांनी एका टाचणीपासून दुसऱ्या टाचणीपर्यंत दोऱ्यावरून बोट फिरवलं. खिडकीबाहेर आभाळ कडेने काळवंडायला लागलं होतं. शेवटी त्यांनी फोन उचलला आणि वैमानिकाला नवी पेटी सांगितली. पलीकडून जे काही ऐकू आलं त्यात "आत्ता सांगताय?" एवढं तिलाही कळलं. उत्तरेला ढग खाली उतरले होते, आणि वादळाच्या आत परतायचं तर तिथे शोधायला जेमतेम दोन तास मिळणार होते.

"दोन तास पुरे," ती म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मालवाहू जहाजालाही उत्तरेला वळायला सांगितलं. ते काल तिच्याच सांगण्यावरून खाली दक्षिणेला गेलं होतं. आता तिथून वर यायला त्याला पंधरा-सोळा तास लागणार होते. तिने तो हिशेब केला आणि कागद उलटा करून ठेवला.

मग पुन्हा लाऊडस्पीकर. पुन्हा पेन्सिल. विमान पोचेपर्यंतचे तास तिने नकाशा पुन्हा-पुन्हा तपासण्यात घालवले. कुठेतरी आपण चूक केली असेल असं क्षणभर वाटे आणि ती पुन्हा पहिल्या टाचणीपासून मोजू लागे. आईचा पुन्हा फोन आला तो कानवाल्याने घेतला. "बाई कामात आहेत हो, काकू. हो, स्वेटर आहे अंगात. नक्की आहे." त्याला कुठून ठाऊक असणार, पण बोलला बिचारा.

"पहिली फेरी," लाऊडस्पीकर खरखरला. "ढगाखाली उतरलोय. काही नाही."

रेघ.

"दुसरी फेरी. लाटा फार आहेत. फेस आणि राफ्ट यांत फरक कळत नाही. काही नाही."

रेघ. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. तिने बघितलं नाही.

"तिसरी फेरी." मग नुसती खरखर. इतका वेळ की कानवाल्याने आपल्या खोलीत जाऊन खटके फिरवून पाहिले. मग एकदम, मोठ्या आवाजात, "थांबा. थांबा, थांबा. डावीकडे काहीतरी केशरी होतं. वळतोय."

तिने टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नंतर तळहातावर दोन दिवस वळ राहिला.

"राफ्टच आहे. हात हलतोय. दोन, तीन... हलणारे चार दिसतात. पाचवा आडवा आहे."

बाहेरच्या खोलीत कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबलं. ती रडत होती, मोठ्याने, लहान पोरासारखी, चष्मा कपाळावर तसाच. पाचवा आडवा आहे. पाचवा कोण, हे विमानातून दिसत नव्हतं.

वैमानिकाने अन्न, पाणी आणि गरम पांघरुणं टाकली आणि वादळाच्या पुढे पळत परत आला. मालवाहू जहाज दुसऱ्या दिवशी पहाटे, लाटांशी झुंजत राफ्टपाशी पोचलं. त्याच सकाळी कानवाल्याने आपलं यंत्र काढून तिच्या कानांवर चढवलं. "बोला. तेच आहेत."

आधी नुसती खरखर. मग ओळखीचा, बसलेला घसा. "ताई?"

तिने यंत्र दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरलं.

"ताई, तूच म्हणाली होतीस ना, वाकडा जा म्हणून? मग सरळ कशाला शोधलंस गं? परवा दिवसभर विमानाचा आवाजसुद्धा आला नाही. मी पोरांना सांगत होतो, घाबरू नका, पेटी माझी बहीण आखते, तिला बरोबर माहितीये आपण कुठे आहोत."

"तू ऐकशील असं मला वाटलंच नाही रे," ती म्हणाली.

मग तो म्हणाला, "मी पण सांगायला हवं होतं. एक फोन केला असता तर... पण तू शेफारली असतीस."

"असते."

"इंजिनवाल्या काकांचे पाय गेलेत, ताई. म्हणजे बोटं. पहिली रात्र ठीक होते. दुसऱ्या रात्री काळी पडली."

आडवा होता तो तोच. बंदरावर त्याला स्ट्रेचरवरून उतरवलं तेव्हा ती पुढे झाली. काय बोलायचं ते ठरवून आली होती, पण म्हाताऱ्याने तिचा हात धरून आधीच विचारलं, "तुम्हीच का ती ताई? रोज चार अंश फिरवायला लावणारी? कप्तान रोज सुकाणू फिरवलं की तुमच्या नावाने बोटं मोडायचे." आणि तो हसला. त्या हसण्याने तिच्या काळजाला जे झालं ते शिव्या खाऊनही झालं नसतं. पहिला दिवस मी घालवला, हे तिने त्याला तिथेच, सगळ्यांदेखत सांगितलं. म्हातारा हसायचा थांबला. हात मात्र त्याने सोडला नाही.

त्यानंतर बाई बरीच वर्षं त्या टेबलाशी होत्या. बोट निघताना आता दोन टोकांच्या जोडीने मधला रस्ताही विचारला जाऊ लागला: रंब की ग्रेट सर्कल. त्यासाठी त्या साहेबांच्या डोक्यावर बसल्या होत्या. हरवलेल्यांचे नातेवाईक येत, काकुळतीने सांगत, मी ओळखते हो त्याला, तो असाच गेला असणार. बाई शांतपणे ऐकत, सांगितलेली रेघ आखत, आणि मग तीच पेन्सिल घेऊन शेजारी दुसरी रेघ आखत, हरवलेल्याला न ओळखणाऱ्या माणसाने आखावी तशी. शंका काढणाऱ्यांकडे त्या चष्मा कपाळावर सरकवून बघेनाशा झाल्या होत्या, हे मात्र कानवाल्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

बंदरावर त्या दिवशी सरळ्या सगळ्यांत शेवटी उतरला. अंगात वडलांचा स्वेटर, मिठाने पांढरा पडलेला, कोपरावर उसवलेला. दोघं नुसतीच एकमेकांसमोर उभी राहिली. मिठी मारायची पद्धत त्या घरात नव्हती. मग त्याने ॲम्ब्युलन्सकडे बघत, खालच्या आवाजात विचारलं, "साठ मैल नक्की वाचले असते ना?"

"एकसष्ट," ती म्हणाली, आणि त्याचा स्वेटर दोन्ही मुठींत धरून तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.